इरकलचा पदर जिथं सुरू होतो ती रेघ बघा

पत्र: ताई नमस्कार, मी तासगावची. आजेसासूबाईंच्या पत्र्याच्या ट्रंकेत ही साडी सापडली, तीन फोटो पाठवतेय. घरात सगळे इरकल म्हणतात पण एका दुकानदाराला दाखवली तर तो म्हणाला पदर चमक्याचा आहे म्हणजे ही पॉवरलूमची. अंगाचा रंग एका फोटोत काळा आणि एकात हिरवा येतोय, उडालाय का? घडीवर तपकिरी डाग पण आहेत. जावेच्या मुलीच्या लग्नात नेसायची आहे. मशीनला जेंटलवर लावू की मिठाच्या पाण्यात भिजवून हाताने धुऊ?

उत्तर: ताई, मशीनला लावू नका आणि मिठाच्या पाण्यात भिजवायचं तर अजिबात नाही, हे आधी सांगते कारण तुम्ही उत्तर पूर्ण वाचायच्या आत कुणीतरी घरात बादली भरून ठेवेल अशी मला भीती वाटतेय. बाकीचं सावकाश बघू.

तुमचे तिन्ही फोटो मी मोठे करून बघितले. पहिल्यात नुसती घडी आणि काठ दिसतोय, त्यावरून काहीच सांगता येत नाही, कारण असला लाल काठ आणि त्यातली ती गोमीसारखी नक्षी आता सगळीकडे विणतात, आपल्या विट्याच्या किंवा इचलकरंजीच्या मागावर पण निघेल. पण दुसऱ्या फोटोत पदर पसरलाय ना, त्याच्या डाव्या कोपऱ्यात जिथं चौकडा संपतो आणि लाल सुरू होतो तिथं एक बारीक उठावाची रेघ आडवी गेलेली दिसतीय, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, जणू खालून दोरा घातलाय. ती रेघ म्हणजे या साडीचा जन्मदाखला आहे. आणि धुण्याचं जे काही आहे ते पण सगळं त्या रेघेवरच अवलंबून आहे, म्हणून आधी ती काय आहे ते नीट सांगते.

आपण इरकल म्हणतो ती साडी मूळची इलकल गावची, कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात. आपल्या सांगली-मिरजेकडं तिकडनं साड्या यायच्या, आपल्या आज्या वर्षाची दोन लुगडी घ्यायच्या त्यात एक इरकल असायचंच. आता बाकी बहुतेक साड्यांत काय होतं, की उभे धागे, म्हणजे साडीच्या लांबीत जाणारे, ताणा म्हणतो आपण त्याला, ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग असतात आणि पदर आला की फक्त आडवा धागा बदलतात. इरकलमध्ये तसं नसतं. तिथं अंगाचा ताणा वेगळा आणि पदराचा ताणा वेगळा. अंगाचा सुती, पदराचा लाल रेशमाचा नाहीतर चमक्याचा, आणि ज्या जागी अंग संपतं तिथं अंगाच्या एकेका धाग्याच्या फासात पदराच्या धाग्याचा फास अडकवतात, साखळीच्या दोन कड्या एकमेकीत असतात ना तसं. असं रुंदीभर प्रत्येक फासाला, हाताने. कन्नडमध्ये याला कोंडी म्हणतात, कोंडी म्हणजे कडी किंवा दुवा, आणि त्या पदराला टोप तेनी. तेने म्हणजे कणीस, आपण टोपपदर म्हणतो तोच हा. त्यामुळं प्रत्येक साडीचा ताणा तेवढ्याच मापाचा वेगळा लावावा लागतो, सहावारीला सहा वार, नऊवारीला नऊ वार, आणि मग पुढच्या साडीला परत पहिल्यापासून.

हे मी एवढं लांबवून सांगतेय कारण यातनंच तुम्हाला घरी बसून ओळखता येतं. सकाळच्या उजेडात खिडकीजवळ साडी आडवी पसरा, लाईट वरनं नको, बाजूनं यायला पाहिजे, म्हणजे रेघेची सावली पडते. एक बारीक बोथट सुई घ्या, रेघेच्या अलीकडचा अंगातला एक उभा धागा सुईच्या टोकानं किंचित उचला, ओढायचा नाही नुसता उचलायचा, आणि तो पुढं कुठं जातो ते बघा. खऱ्या टोपपदरात तो रेघेपाशी संपतो, तिथं फास दिसतो आणि पलीकडं लाल धागा सुरू होतो. मग साडी उलटी करून त्याच जागी परत बघा, मागच्या बाजूला हे फास जास्त स्पष्ट दिसतात, बारीक दाण्यांची ओळ असते. डोळ्याला जमत नसेल तर मोबाईलचा कॅमेरा झूम करून फोटो काढा, फ्लॅश बंद ठेवून, आणि सुलट उलट दोन्ही बाजूचा एकाच जागेचा काढा.

नक्कल असेल तर दोन प्रकार दिसतात. एक म्हणजे अंगाचा काळा उभा धागा सरळ पदरात शिरतो, मग पदराचा लाल शुद्ध लाल दिसत नाही, त्यात अंगाचा रंग मिसळून जरा मळकट, किरमिजी होतो, आणि उजेडात हलवला की खालचा रंग डोकावतो. दुसरा प्रकार म्हणजे वेगळा विणलेला पदर शिलाई मारून जोडलेला, तो तर मागून शिवण दिसतेच. तुमच्या दुसऱ्या फोटोतला लाल मला एकसारखा, गच्च लाल दिसतोय आणि रेघेपाशी शिवण दिसत नाही, म्हणून मी म्हणते नव्वद टक्के ही खरी टोपपदराची इरकल. उरलेले दहा टक्के सुई लावून तुम्ही स्वतः बघून घ्या.

आता दुकानदार जे म्हणाला त्याबद्दल. चमक्याचा पदर म्हणजे पॉवरलूम, हे चूक आहे. चमका म्हणजे आर्ट सिल्क, व्हिस्कोस, तो लाकडाच्या लगद्यापासून करतात, आणि इलकलच्या हातमागावर कित्येक वर्षं पदराला आणि काठाला चमका वापरतात कारण रेशीम महाग पडतं. कशानं विणलं आणि कशापासून विणलं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. हातमागावर चमका असू शकतो आणि यंत्रमागावर खरं रेशीम पण असू शकतं. तसंच लोक आणखी एक खूण सांगतात की काठाला बारीक छिद्रं दिसली की हातमाग समजायचा, ती पण पक्की नाही. विणताना कापड रुंदीला ताणून धरायला टोकदार पट्टी लावतात तिची ती छिद्रं, आणि यंत्रमागाला पण त्याच कामासाठी टाचण्यांच्या रिंगा असतात. काठाच्या कडेची एकच खूण कामाची, कडेला आडव्या धाग्यांची कापलेली टोकं झालरीसारखी दिसली तर ती नक्की हातमागाची नाही, कारण हातमागावर आडवा धागा नेणारा धोटा परत फिरतो आणि धागा कडेला वळून आत जातो. पण कड नीट वळलेली आहे म्हणून हातमागच, असं उलटं नका समजू, जुने धोट्याचे यंत्रमाग पण तशीच कड देतात.

रंगाचं म्हणाल तर तुमचा रंग उडालेला नाही, मला तरी तसं वाटत नाही. एका फोटोत काळा एकात हिरवा म्हणजे धूपछाव आहे, उभा धागा काळा आणि आडवा हिरवा, मग ज्या बाजूनं बघाल तसा बदलतो. घडीच्या आतला भाग आणि बाहेरचा भाग शेजारी धरून एकाच उजेडात बघा, दोन्ही सारखे बदलत असतील तर निश्चिंत राहा. उडालेला रंग घडीच्या बाहेरच्या कडेला पट्ट्यासारखा फिका दिसतो. विणीचं विचाराल तर अंगाची वीण साधी आहे, एक वर एक खाली, चौकडा फक्त धाग्याच्या रंगानं पाडलाय.

आता धुणं. बघा, एकाच साडीत दोन स्वभावाचे धागे आहेत आणि ते एका रेघेवर एकमेकांना धरून आहेत. सूत ओलं झालं की उलट मजबूत होतं, रेशीम ओलं झालं की थोडं कमी पडतं, आणि चमका ओला झाला की जवळजवळ निम्मी ताकद घालवून बसतो. म्हणजे बादलीत असताना अंग दणकट आणि जड झालेलं असतं आणि पदर सगळ्यात अशक्त, आणि ओढ बसते ती त्या जोडावर. मागच्या पावसाळ्यात माझ्याकडे मिरजेतनं एक बाई इरकल घेऊन आल्या होत्या, मी रफूचं काम करते म्हणून, त्यांनी ती एका लाँड्रीत दिली होती आणि तिथं मशीनला लावली. कपडा वरून छान स्वच्छ होता. पण रेघेला लागून चार बोटं रुंद फट पडली होती, आणि नीट बघितलं तर अंगाचे सुती फास सगळे जागेवर होते, तुटले होते ते सगळे लाल चमक्याचे. मशीन पिळून काढताना ओल्या सुताचं वजन त्या ओल्या चमक्यावर आलं, बाकी काही नाही. मी मागून पातळ मलमलीची पट्टी लावून लाल धाग्यानं ती फट बसवली, लांबनं कळत नाही, पण ते फास परत अडकवता येत नाहीत, ते मागावरच होतं. जेंटल लावलं तरी शेवटी मशीन पिळतंच, म्हणून नको म्हणते.

त्यामुळं पाणी लावायच्या आधी दोन गोष्टी शोधून काढा, पदर कशाचा आहे आणि लाल रंग सुटतो का.

पहिलं पदराच्या टोकाला दशा असतील तिथनं किंवा आतल्या कडेनं एक इंचभर लाल धागा काढा. चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर मेणबत्तीला लावा, खिडकी उघडी ठेवून आणि लेकरं लांब ठेवून. रेशीम असेल तर केस जळल्याचा वास येतो, जळताना आकसतं, ज्योत बाजूला केली की विझतं आणि टोकाला काळा गोळा राहतो जो बोटानं चुरडता येतो. चमका असेल तर कागदासारखा भसकन जळतो, कागदाचाच वास, आणि मऊ राख राहते. प्लॅस्टिकचा वास येऊन कडक मणी झाला, चुरडतच नाही, तर तो पॉलिएस्टर. आता सूत पण कागदासारखंच जळतं, मग चमका आणि सूत कसं वेगळं करायचं? आणखी एक धागा घ्या, मधोमध जिभेनं ओला करा आणि दोन्ही टोकं हळू ओढा. ओल्या जागीच पटकन तुटला तर चमका, कोरड्या जागी तुटला तर सूत. एवढं साधं आहे.

दुसरी रंगाची चाचणी. पांढरा सुती रुमाल साध्या पाण्यात ओला करून पिळा, पदराच्या आतल्या कोपऱ्यावर ठेवा, वर वाटी ठेवा, १० मिनिटं. मग तीच चाचणी जे साबणाचं पाणी वापरणार आहात ते लावून दुसऱ्या जागी करा, कारण नुसत्या पाण्याला न सुटणारा रंग कधीकधी साबणाला सुटतो. हिरव्या काळ्या अंगावर आणि काठावर पण करा. रुमालावर काही आलं नाही तर घरी धुवा. फिकट गुलाबी ठसा आला तर घरी धुता येईल पण घाई करायला पाहिजे, कशी ते सांगते. लालभडक आलं तर पाणी लावूच नका, ड्रायक्लीनला द्या, तिथं पाणी नसतं, वेगळं द्रावण असतं, पाण्याला सुटणारे रंग त्यात बहुधा सुटत नाहीत. देताना मात्र तोंडी नाही तर चिठ्ठीवर लिहून पिनेनं लावा की पदर रेशमाचा किंवा चमक्याचा आहे, डागाला पाणी लावू नये आणि पदर जोडाचा आहे. ड्रायक्लीननं घामाचे डाग नीट जात नाहीत हे पण लक्षात ठेवा, घाम पाण्यात विरघळतो, त्या द्रावणात नाही.

मिठाबद्दल. आपल्याकडं प्रत्येक घरात सांगतात, नवीन साडी मिठाच्या पाण्यात भिजव म्हणजे रंग पक्का होतो. रंगाऱ्याच्या हंड्यात मीठ घालतात हे खरं आहे, तिथं ते सुती धाग्यावर रंग चढायला मदत करतं. पण एकदा रंगून, विणून झालेल्या साडीत मीठ काही बांधत नाही. पाण्यात मीठ असेपर्यंत रंग जरा कमी सुटल्यासारखा वाटतो आणि साध्या पाण्यात आलात की परत सुटतो. आणि भिजत ठेवण्यातच खरा घात आहे, कारण रात्रभर सुटलेला लाल रंग त्याच पदरातल्या पांढऱ्या दातांच्या नक्षीवर आणि अंगावर बसून राहतो. माझ्या आईच्या इरकलचे दात असेच गुलाबी झाले, मी लहान होते तेव्हा, ते आजपर्यंत गुलाबीच आहेत. तुरटीचं पण तेच, ती झाडपाल्याच्या रंगाला कामाची, तयार साडीचा रंग ती पक्का करत नाही, वर तिचा आंबटपणा सुतात राहिला तर ते कालांतरानं कमजोर होतं.

साबण कुठला, तर रोजची कपड्याची पावडर नाही. ती खारट, म्हणजे अल्कली असते, आणि बऱ्याच पावडरींत डाग खाणारे एन्झाइम असतात जे रक्त, दूध, अंडं असले प्रोटीनचे डाग तोडतात. रेशीम हेच मुळात प्रोटीन आहे, त्यामुळं ते रेशमाला पण सोडत नाहीत, एका धुण्यात कळत नाही पण चकाकी जाते. लोकर आणि रेशमासाठीचं जे लिक्विड मिळतं ते घ्या, ५ लिटर पाण्याला एक चमचा पुरे. नाहीतर रिठा. वीस एक रिठ्यांची टरफलं रात्री लिटरभर गरम पाण्यात टाकायची, सकाळी कुस्करून फडक्यातनं दोनदा गाळायचं, चोथा अजिबात राहू द्यायचा नाही. फिक्या रंगाच्या साडीला रिठ्यानं किंचित पिवळट झाक येऊ शकते, तुमची गडद आहे त्यामुळं चालेल. फक्त पाणी बोअरचं असेल तर जरा थांबा, आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी बोअरचं पाणी जड आहे, फेस होत नाही आणि सुकल्यावर कापडावर पांढुरकी राखाडी झाक बसते. नळाचं पाणी घ्या, आणि तेही जड असेल तर निदान शेवटचं खळबळणं आरओ फिल्टरच्या नाहीतर साठवलेल्या पावसाच्या पाण्यात करा.

आणि तुमच्या साडीला आधी एक पायरी आहे जी नव्या साडीला लागत नाही. ट्रंकेत किती वर्षं एकाच घडीत होती माहीत नाही, त्यामुळं घडीच्या रेघा तपासा. साडी उघडून उजेडासमोर धरा, पदराच्या घडीवर केसाएवढ्या फटी दिसल्या किंवा हात लावल्यावर लाल भुगा आला तर ते रेशीम किंवा चमका मेलेला आहे, त्याला पाणी लावलं की तो गळून पडेल. तशी असेल तर धुऊ नका, मलमलीचं अस्तर लावून घ्या आणि मग फक्त हवा द्या. तशी नसेल तर एक दिवस सावलीत पसरून ठेवा, धूळ मऊ ब्रशनं लांबीच्या दिशेनं झाडा, आणि मग धुवा.

धुताना मोठा टब घ्या, १५ ते २० लिटर पाणी, साधं, कोमट पण नको. गरम पाण्यात सुती अंग आणि पदर सारखे आटत नाहीत, मग रेघेवर चुण्या पडतात आणि त्या इस्त्रीनं कधीच जात नाहीत. तुमची साडी आधी बऱ्याचदा धुतलेली असेल तर अंग आटून झालेलं असेल, पण ते कुठं विचारायला जाणार. साबण पाण्यात आधी पूर्ण मिसळा, साडीवर थेट ओतू नका. मग साडी आत सोडा आणि तळव्यांनी दाबा, सोडा, दाबा, चोळायचं नाही, आपटायचं तर नाहीच. ५ मिनिटं बस. उचलताना दोन्ही हातांच्या ओंजळीत सगळी एकदम उचला, टोक धरून ओढून काढू नका, जोडावर वजन येतं ते तेव्हाच. स्वच्छ पाण्यात तीनदा खळबळा, पाणी नितळ येईपर्यंत.

रुमालावर फिकट गुलाबी आलं होतं असं असेल तर हे सगळं दुप्पट पाण्यात आणि एका दमात करायचं, मधे फोन आला तरी उचलायचा नाही. पाण्यात लाल दिसायला लागला तर घाबरून साडी बाहेर काढून ठेवू नका, ओली साडी घडीत पडून राहिली की डाग तिथंच बसतो. उलट लगेच भरपूर ताज्या पाण्यात हलवत राहा, पाणी बदलत राहा, ओला आहे तोवर तो रंग निघतो, सुकला की मग नाही. बाजारात रंग काढायच्या पावडरी मिळतात त्या इथं वापरू नका, त्या चुकीचा लाल काढताना बरोबरचा लाल पण काढतात.

पिळायचं नाही. एक जुनी पांढरी चादर अंथरा, साडी तिच्यावर पसरा, पदराच्या घडीत मधे मधे पांढरं फडकं घाला म्हणजे ओला लाल कुठंच अंगाला आणि पांढऱ्या दातांना चिकटणार नाही, मग चादरीसकट गुंडाळून हातानं दाबा. पाणी चादर घेते. वाळत घालताना एका दोरीवर लोंबती सोडू नका, दोन दोऱ्या हातभर अंतरावर बांधा आणि साडी त्यांच्यावर झोळीसारखी घाला, आणि जोडाची रेघ दोरीच्या बाकावर येणार नाही अशी ठेवा, दोन दोऱ्यांच्या मधे सपाट राहू दे. सावलीत, वारा असेल तिथं, पंखा लावला तरी चालेल, लवकर वाळणं चांगलं. इस्त्री अंगाला थोडं दमट असताना उलट्या बाजूनं, पदराला मात्र मध्यम गरम आणि वरून सुती फडकं ठेवून, आणि रेघेवर इस्त्री ढकलायची नाही, वरून ठेवून उचलायची. कांजी हवीच असेल तर लग्नाच्या दोन दिवस आधी फक्त अंगाला, पातळ, पदर बाहेर धरून. परत आत ठेवायच्या आधी ती धुऊन काढायला लागेल, खळीला कसर लागते.

राहिले ते डाग. तिसरा फोटो बघितला, डाग नारिंगी तपकिरी आहेत, कडा ठळक आहेत आणि सगळे घडीच्या बाहेरच्या बाजूला एका ओळीत आहेत, म्हणजे जिथं साडी ट्रंकेच्या पत्र्याला टेकली होती तिथं. तो गंज आहे. तेलाचा किंवा घामाचा डाग सहसा असा कडेला ठळक नसतो, पसरट पिवळा असतो. गंज साबणानं निघत नाही, आणि ब्लीच लावलं तर तो आणखी गडद होतो आणि त्या जागचं सूत कुजतं, रेशमावर तर ब्लीच कधीच नाही. लिंबू मीठ लावून उन्हात ठेवतात, त्यानं गंज थोडा हलतो हे खरं, पण लिंबू काळा हिरवा रंग पण हलवतं आणि तपकिरी डागाच्या जागी फिका डाग येतो. मी तुमच्या जागी असते तर डाग आहेत तसे ठेवले असते. ते नेमके घडीच्या ओळीत आहेत, तुम्ही सहावारी नेसा की नऊवारी, आतल्या निऱ्यांत जातील असं बघून घ्या, आरशासमोर एकदा नेसून बघा म्हणजे कळेल.

लग्नानंतर त्या ट्रंकेत परत ठेवू नका, ठेवायचीच असेल तर आत पत्र्याला लागून जाड सुती कापडाचे दोन थर घाला. साडी धुतलेल्या, खळ नसलेल्या मलमलीत गुंडाळा, प्लॅस्टिकची पिशवी नको, डांबर गोळ्या थेट अंगावर नकोत, आणि तीनचार महिन्यांनी घडी मोडून दुसऱ्या जागी घाला, पदर जोडावर दुमडू नका.

सुई लावून त्या रेघेचा उलट बाजूचा फोटो काढलात तर मला पाठवा. दोन्ही धाग्यांचे फास त्यात दिसले तर पदर जाळून बघायला धागा कुठनं काढायचा तेही मी त्याच फोटोवर खूण करून सांगते, म्हणजे चुकून जोडाजवळचा ओढला जायला नको.